'तसलं काही झालंच नाही', मग विश्वास कशाने तुटला?

"डॉक्टर, आमच्यात तसलं काही झालेलंच नाही." मानसोपचाराच्या व्यवसायात मी हे वाक्य अनेकदा ऐकतो. बोलणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. हॉटेल नाही, स्पर्श नाही. नुसते मेसेज, फोन आणि फार तर दोन-चार वेळा एकत्र घेतलेला चहा. समोर बसलेल्या जोडीदाराची मात्र झोप उडालेली असते, वजन चार-पाच किलो उतरलेलं असतं आणि डोळे सतत समोरच्या मोबाइलवर असतात. मग पहिल्याला वाटतं, हा गुन्ह्याच्या मानाने फार मोठा दंड आहे. दुसऱ्याला वाटतं, माझं दुःख कोणाला कळतच नाही. तुम्ही यांपैकी कोणत्याही बाजूला असलात तरी हा लेख तुमच्यासाठी आहे.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'इमोशनल अफेअर'. आपण भावनिक अफेअर म्हणू. साधी मैत्री आणि हे यांतला फरक कसा ओळखायचा, असं मला विचारतात. मी एकच गोष्ट विचारतो: तुमचं हे बोलणं जोडीदाराने मागे उभं राहून वाचलं असतं, तर तुम्ही तसंच लिहिलं असतं का? उत्तर 'नाही' असेल, तर मैत्रीत लपवाछपवी शिरली आहे.

शर्ली ग्लास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात याचं फार सोपं चित्र दिलं आहे. चांगल्या संसारात नवरा-बायकोमध्ये खिडकी असते आणि बाहेरच्या जगाच्या बाजूला भिंत असते. भावनिक अफेअरमध्ये हे उलटं होतं. बाहेरच्या माणसासाठी खिडकी उघडते आणि घरातल्या माणसासमोर भिंत उभी राहते. म्हणून 'शरीरसंबंध आला नाही' हे उत्तर अपुरं पडतं. ज्याला धक्का बसलेला असतो, तो भिंतीबद्दल विचारत असतो.

एका घरात काय घडलं

हे उदाहरण दोन-तीन जोडप्यांचे अनुभव एकत्र करून, ओळख पटू नये असे तपशील बदलून सांगतो. बाई शाळेत शिक्षिका, वय ३८. पती एका कंपनीत अधिकारी, वय ४२. एक मुलगा सातवीत. मुलाच्या प्रोजेक्टसाठी पतीचा लॅपटॉप उघडला, त्यावर व्हॉट्सॲप चालूच राहिलेलं होतं. कार्यालयातल्या एका सहकारी महिलेबरोबरचं संभाषण समोर आलं. रोज सकाळी पहिला मेसेज, रात्री शेवटचा मेसेज.

बाईंना सर्वांत जास्त काय लागलं? मला वाटलं होतं, त्या एखाद्या प्रेमळ वाक्याबद्दल सांगतील. त्यांनी सांगितलं ते वेगळंच होतं. "सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा मी आठ रात्री दवाखान्यात होते, डॉक्टर. ह्यांनी मला एकदाही सांगितलं नाही की भीती वाटते. तिला मात्र लिहिलं होतं, 'बाबा गेले तर मी कोलमडेन.' ते वाक्य माझं होतं."

हे नीट लक्षात घ्या. त्यांच्या हक्काची एक गोष्ट दुसरीकडे गेली होती, आणि ती जात असताना घरी 'काही नाही, थकलोय' असं सांगितलं जात होतं. विश्वास तुटला तो या दोन गोष्टींनी मिळून.

आधी शरीराकडे बघा

असा धक्का बसल्यावर शरीर धोक्याच्या स्थितीत जातं. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात. छातीत धडधड, पोटात गोळा, भूक बंद, पहाटे तीनला जाग. तीच वाक्यं डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतात. मोबाइलची घंटा वाजली तरी दचकायला होतं. या बाई माझ्याकडे येण्याआधी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून आल्या होत्या. दोन्ही नॉर्मल. त्यांना वाटलं, म्हणजे आपण उगाच करतोय. तसं नाही. हे त्रास खरे असतात.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत माझं मागणं साधं असतं. ठरलेल्या वेळी थोडं का होईना खा. घटस्फोट घ्यायचा की राहायचं, हा निर्णय या दिवसांत करू नका. घरात कोणाच्या तरी झोपेच्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या घेऊ नका. त्यांची सवय लागू शकते आणि डोस तुमच्यासाठी ठरवलेला नसतो. झोपच येत नसेल तर डॉक्टरांना भेटा, थोड्या दिवसांचं औषध देता येतं.

आणि कोणाला सांगायचं हे विचार करून ठरवा. मन मोकळं करायला एक भरवशाचं माणूस हवंच. पण दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तर पुढे तुम्ही दोघं सावरलात तरी ते सावरत नाहीत. दहा वर्षांनी लग्नकार्यात कोणीतरी तो विषय काढतंच.

दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा असतो

पतींनी सुरुवातीला सांगितलं, "चार महिने बोलत होतो." तीन आठवड्यांनी जुन्या एका फोटोवरून कळलं की चौदा महिने झाले होते. पुन्हा पंधरा दिवसांनी कळलं की दोघं तीन वेळा बाहेर जेवायलाही गेले होते. प्रत्येक वेळी बाई पहिल्या दिवसाच्या अवस्थेत परत गेल्या.

पतींचा हेतू वाईट नव्हता. 'एकदम सगळं सांगितलं तर तिला सहन होणार नाही' असं त्यांना वाटत होतं. थोडं स्वतःला वाचवणंही होतं. पण हप्त्याहप्त्याने आलेलं सत्य हे समोरच्याला नवीन खोटंच वाटतं. मूळ गोष्ट एकदा माफ करता येते. 'अजून काय बाकी आहे' या शंकेला मात्र तळ नसतो.

म्हणून आम्ही सगळं एकदाच सांगायचं ठरवलं. पतींनी घरी बसून लिहून आणलं: सुरुवात कधी आणि कशी झाली, कोणकोणत्या माध्यमातून बोलणं व्हायचं, किती वेळा भेटले, पैसे किंवा भेटवस्तू दिल्या का, हे आणखी कोणाला माहीत होतं, आणि पत्नीबद्दल तिथे काय बोललं गेलं. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, पण तो टाळला तर नंतर तोच सर्वांत जास्त टोचतो. हे लिखाण माझ्या खोलीत, तिघं असताना वाचलं गेलं. बाई खूप रडल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "निदान जमीन कुठे आहे ते कळलं."

काय विचारू नये, तेही सांगतो. बाईंना चौदा महिन्यांचा प्रत्येक मेसेज वाचायचा होता. मी त्यांना तसं न करण्याचा सल्ला दिला. काय घडलं, केव्हा, किती आणि का, या प्रश्नांच्या उत्तरांनी मनाला आधार मिळतो. 'ती माझ्यापेक्षा चांगली दिसते का' या प्रश्नाचं आधार देणारं उत्तरच नसतं. एकेक वाक्य वाचलं की ते डोक्यात कायमचं छापलं जातं. ते नंतर पुसता येत नाही.

संपर्क तोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं

दुसरं नातं चालू असताना विश्वास परत येत नाही. 'आता फक्त मैत्री ठेवतो' हा मार्ग मी चालताना पाहिलेला नाही. अडचण अशी होती की ती सहकारी त्याच कार्यालयात होती आणि लगेच नोकरी बदलणं शक्य नव्हतं.

तेव्हा असं केलं. पतींनी चार ओळींचा एक मेसेज लिहिला: मी आपलं खासगी बोलणं थांबवत आहे, हे माझ्या संसारासाठी योग्य नव्हतं, यापुढे फक्त कामापुरतं बोलेन, कृपया उत्तर देऊ नका. त्यात आठवणी नव्हत्या, 'काळजी घे' नव्हतं आणि सगळा दोष बायकोवर ढकलणारं 'घरी कळलं म्हणून' हेही नव्हतं. पाठवण्याआधी बाईंनी तो वाचला. त्यानंतर कामाचं बोलणं शक्यतो ईमेलवर किंवा चारचौघांत, एकत्र चहा-जेवण बंद, आणि त्या दिवशी काही संबंध आला असेल तर संध्याकाळी घरी न विचारता सांगायचं.

तुम्ही संपर्क तोडणाऱ्यांपैकी असाल, तर तुम्हालाही काही दिवस रिकामं वाटेल. रोजची सवय सुटते तेव्हा उदास वाटतं, चिडचिड होते. त्याची लाज वाटून घेऊ नका, पण ते दुःख जोडीदाराच्या खांद्यावर ठेवू नका. त्यासाठी समुपदेशक आहेत.

मोबाइल तपासून विश्वास येतो का?

पतींनी मोबाइलचा पासवर्ड दिला. पहिल्या काही महिन्यांत असा मोकळेपणा हवाच, कारण भिंत त्याच मोबाइलमध्ये उभी होती. पण महिनाभराने बाई दिवसातून दहा-बारा वेळा मोबाइल बघत होत्या. काही सापडायचं नाही. दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग मन म्हणायचं, 'पुसून टाकलं असेल तर?'

हे का होतं? तपासल्यावर शंका तेवढ्यापुरती शांत होते, म्हणून मेंदू पुन्हा तपासायला सांगतो. हात धुण्याचा चाळा लागलेल्या रुग्णात असंच चक्र दिसतं. आणि मुळात मोबाइलमध्ये काही न सापडल्याने एवढंच कळतं की आज काही सापडलं नाही.

मला या कामात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. विश्वास सापडण्यातून येत नाही, सांगण्यातून येतो. जी गोष्ट जोडीदार न विचारता, स्वतःहून आणि स्वतःची अडचण होणार हे माहीत असूनही सांगतो, ती विश्वासाच्या खात्यात जमा होते. विचारल्यावर सांगितलेलं त्याहून कमी मोलाचं, आणि पकडल्यावर कबूल केलेलं जवळजवळ शून्य.

म्हणून तपासण्याला मर्यादा घातली: आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दोघं शेजारी बसून. प्रश्नांसाठीही वेळ ठरवली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मुलगा झोपल्यावर, अर्धा तास. झोपण्याच्या खोलीत नाही आणि दहानंतर नाही. मधल्या वेळी सुचलेले प्रश्न बाई वहीत लिहायच्या. कित्येक प्रश्न शुक्रवारपर्यंत आपोआप गळून पडायचे.

पतींचं काम अवघड होतं. तोच प्रश्न सातव्यांदा आला तरी 'किती वेळा तेच तेच' म्हणायचं नाही. धक्का बसलेलं मन माहितीसाठी विचारत नसतं, उत्तर आजही तेच येतंय ना, हे बघत असतं. 'मी चुकलो म्हटलं ना' या वाक्यात माफी कमी आणि 'आता पुरे' जास्त असतं. त्यापेक्षा 'बायपासच्या वेळी मी तुला एकटं टाकलं आणि वर खोटं बोललो' या वाक्याने बाईंना पहिल्यांदा वाटलं की ह्यांना कळलंय.

'का' हा प्रश्न उशिरा घ्यावा

अनेक जोडपी पहिल्याच आठवड्यात 'आपल्या संसारात काय कमी होतं' यावर येतात. मग धक्का बसलेल्या माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं. सत्य सांगून झालं, संपर्क थांबला, झोप थोडी सुधारली की मगच हा प्रश्न घ्यावा. आम्ही तो तिसऱ्या महिन्यात घेतला.

उत्तर साधं निघालं. वडिलांच्या आजारपणात दोघांचं बोलणं डबा, फी, हप्ते आणि औषधं एवढ्यावर आलं होतं. 'बायको आधीच एवढी राबतेय, तिला कशाला घाबरवू' म्हणून पती गप्प राहिले. बाहेरच्या व्यक्तीला सांगणं सोपं होतं, कारण ऐकून तिला काहीच करायचं नव्हतं. तिला दवाखान्याचं बिल भरायचं नव्हतं की सकाळी डबा करायचा नव्हता. ज्याच्यावर जबाबदारी नाही, तो माणूस नेहमीच जास्त समजूतदार वाटतो.

इथे एक रेघ ओढावी लागते. बोलणं आटलं, याला दोघं जबाबदार असू शकतात. ते लपवून दुसरीकडे नेलं, ही एकाचीच निवड होती. ही रेघ स्पष्ट असली की धक्का बसलेला जोडीदारही आपल्या वाट्याबद्दल मोकळेपणी बोलू शकतो. या जोडप्याने रोज वीस मिनिटं घराच्या कामांशिवाय बोलायचं ठरवलं. पहिले दोन आठवडे दोघांना काय बोलावं ते सुचेना. मग एके रात्री पती म्हणाले की वडिलांचा श्वास लागला की त्यांना अजून धडकी भरते. ते वाक्य उशिरा आलं, पण या वेळी घरात आलं.

सुधारतंय हे कसं ओळखायचं?

साधारण चौथ्या महिन्यात दिवाळी आली. त्या सहकारी महिलेने शुभेच्छांबरोबर 'आठवण येते' एवढं लिहिलं. पतींनी उत्तर दिलं नाही आणि त्याच संध्याकाळी, पणत्या लावायच्या आधी, मोबाइल बायकोच्या हातात दिला. सणाच्या दिवशी भांडण होणार हे त्यांना माहीत होतं. ते झालंच. बाई रडल्या, बोलल्या, त्या रात्री जेवल्या नाहीत. पंधरा दिवसांनी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "फार राग आला. पण त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी सलग झोपले."

सांगणाऱ्याला त्या संध्याकाळी शाबासकी मिळाली नाही, आणि मिळायला हवी होती असंही नाही. पण तुम्ही ऐकणाऱ्या बाजूला असाल तर एवढं करा: राग व्यक्त करा, आणि शांत झाल्यावर 'सांगितलंस ते बरं केलंस' हेही म्हणा. सांगण्याची शिक्षाच मिळत राहिली तर माणूस पुन्हा लपवायला लागतो.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. वाईट दिवस येतच राहतात, पण त्यांच्यामधलं अंतर वाढतं आणि सावरायला लागणारा वेळ कमी होतो, हे बघायचं. तपासावंसं वाटणं कमी होतं. एखादं गाणं, ते हॉटेल, तो महिना आला की जखम उघडते, पण दोघं त्याबद्दल बोलू शकतात. माझ्या अनुभवात साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. या जोडप्याने दहाव्या महिन्यात मोबाइल बघणं बंद केलं. तसं ठरवलं नव्हतं. एका आठवड्यात दोघंही विसरले.

कधी थांबायचं, कधी मदत घ्यायची

सगळीच जोडपी सावरत नाहीत, आणि प्रत्येकाने सावरावंच असंही नाही. गुपचूप संपर्क चालू असेल, सहा महिन्यांनीही नवनवीन गोष्टी बाहेर येत असतील, किंवा प्रश्न विचारला की 'तूच संशयी आहेस' असं ऐकावं लागत असेल, तर तिथे विश्वास बांधायला जमीनच नाही. उलट बाजूही असते. वर्ष उलटूनही पासवर्ड, येण्या-जाण्याची वेळ, पैसा या सगळ्यावर पहारा वाढतच असेल, तर दुखावलेपणाचं आता नियंत्रण झालेलं असतं. तेही नात्याला मारतं. मारहाण किंवा धमकी असेल तर जोडप्याचं समुपदेशन बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष परत आलं नसेल, दारूचा आधार घ्यावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगू नये असे विचार येत असतील तर वाट बघू नका. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

हा लेख वाचताना एखाद्या वाचकाच्या मोबाइलमध्ये असं एखादं संभाषण आज चालू असेल आणि घरी अजून कळलेलं नसेल. त्याने किंवा तिने एवढंच लक्षात ठेवावं. तुमच्या घरी ती गोष्ट एक तर सापडणार आहे किंवा तुम्ही ती सांगणार आहात. त्रास दोन्हीत आहे. पण नंतर काही बांधायचं असेल, तर दुसऱ्या वाटेने तुमच्या हातात एक वीट तरी उरते.